धनायन ओळखताना या चुका टाळा: दुसऱ्या गटाकडून तिसऱ्याकडे जाताना

धनायनांच्या पृथक्करणात बहुतेक उत्तरं चुकतात ती खात्रीच्या चाचणीत नाही, तर दुसरा गट गाळून तिसऱ्याकडे वळताना. खाली आलेल्या द्रावणात हायड्रोजन सल्फाइड विरघळलेला असतो. तो उकळून घालवायचा असतो, आणि नेमकं हेच काम घाईत अर्धवट राहतं.

समजा, मूळ द्रावणात फेरस लोह आणि बेरियम आहे. वायू न घालवताच संहत नायट्रिक आम्ल टाकलं, तर सल्फाइडचं गंधक होऊन द्रावण दुधाळ होतं. काही सल्फाइडचं पुढे सल्फेट होतं आणि बेरियम तिथेच बेरियम सल्फेट होऊन खाली बसतं. हा पांढरा साका पाहून वहीत 'ॲल्युमिनियम' लिहिलं जातं, आणि पाचव्या गटात बेरियम सापडतच नाही. शंका आली की साक्यावर विरल हायड्रोक्लोरिक आम्ल टाका. ॲल्युमिनियमचा हायड्रॉक्साइड विरघळेल, बेरियम सल्फेट तसंच राहील.

नायट्रिक आम्ल अजिबातच टाकलं नाही, तर वेगळाच घोळ होतो. अमोनियम क्लोराइड असताना फेरस लोह तिसऱ्या गटात पूर्ण उतरत नाही. ते चौथ्या गटात काळा सल्फाइड होऊन येतं आणि कोबाल्ट किंवा निकेल समजलं जातं. लोहाचा सल्फाइड थंड विरल हायड्रोक्लोरिक आम्लात विरघळतो, त्या दोघांचे सहजी विरघळत नाहीत.

म्हणून द्रावण उकळत ठेवा आणि वाफेवर लेड ॲसिटेटचा ओला कागद धरा. तो काळा पडायचा थांबेपर्यंत आच बंद करू नका. वास गेला की झालं, असं मानू नका. नाक या वायूला लवकर सरावतं. हे सगळं धूर खेचणाऱ्या कपाटातच करा. मग दोन-तीन थेंब नायट्रिक आम्ल टाकून पुन्हा उकळा. फेरसचं फेरिक होताना फिकट हिरवी छटा जाऊन पिवळी येते.

आता आधी घन अमोनियम क्लोराइड भरपूर, आणि नंतरच अमोनिया, वास टिकेपर्यंत. क्लोराइडमुळे हायड्रॉक्साइड आयन कमी राहतात, म्हणून मॅग्नेशियम खाली बसत नाही. चिमूटभर क्लोराइड टाकून भागवणाऱ्यांना मॅग्नेशियम तिसऱ्याच गटात भेटतं.

दुसऱ्या गटात आम्ल जास्त झालं तर कॅडमियम निसटतं. गाळलेलं थोडं द्रावण पाणी घालून पातळ करा आणि पुन्हा वायू सोडा. पिवळं आलं, तर सगळ्याच द्रावणावर तेच करा.

शिसं पहिल्या गटात मिळालं, तरी दुसऱ्यात पुन्हा दिसेल. त्याचा क्लोराइड थोडा विरघळतो.

अमोनियम आयन आणि लोह फेरस की फेरिक, हे दोन्ही नेहमी मूळ द्रावणातूनच तपासा. पुढच्या द्रावणात अमोनियम तुम्हीच घातलेलं असतं, आणि लोह तुम्हीच फेरिक केलेलं असतं.