सीसी पाहून गाडी जोखताय? पॉवर-टू-वेट रेशो काढताना या चुका टाळा

दोन बाइकवाले भेटले की पहिला प्रश्न ठरलेला असतो: किती सीसी? उत्तरात आकडा मोठा आला की गाडी दमदार, असं आपण धरून चालतो. पण यामाहा आर१५ चं इंजिन १५५ सीसीचं आहे आणि रॉयल एनफिल्ड क्लासिक ३५० चं ३४९ सीसीचं. दोघी एका रेषेवरून सुटल्या आणि चालवणाऱ्यानं गिअर नीट वापरले, तर लहान इंजिनची गाडी पुढे निघून जाते.

सीसी म्हणजे पिस्टन वर-खाली होताना सिलिंडरमध्ये जेवढी जागा व्यापतो, तेवढंच. भांडं केवढं हे त्यातून कळतं. ते मिनिटाला किती वेळा भरतं आणि दर खेपेला किती नीट भरतं, हे कळत नाही. आर१५ च्या चौथ्या आवृत्तीची कमाल पॉवर १८.४ पीएस आहे, ती १०,००० आरपीएमला मिळते. क्लासिकची २०.२ पीएस, ६,१०० आरपीएमला. भांडं दुपटीहून मोठं, पण पॉवर जेमतेम दहा टक्के जास्त. आता वजन बघा. पेट्रोल-ऑइलसह आर१५ साधारण १४२ किलोची, क्लासिक १९५ किलोची. वेग घ्यायचा म्हणजे हे वजन ढकलायचं, म्हणून भागाकार करावा लागतो. आर१५ ला टनामागे १३० पीएस मिळतात, क्लासिकला १०४.

हाच पॉवर-टू-वेट रेशो. गणित सोपं आहे. पण ते सोपं असल्यामुळेच लोक अर्ध्यात सोडतात, आणि मग आकडा एक सांगतो, रस्ता दुसरंच.

चूक पहिली: गाडीवर कोणी बसलेलंच नाही

वरचा १३० विरुद्ध १०४ हा सामना रिकाम्या गाड्यांचा आहे. रिकामी गाडी कोणी चालवत नाही. ७५ किलोचा चालक बसवा. आर१५ चं एकूण वजन २१७ किलो होतं आणि रेशो ८५ वर येतो. क्लासिक २७० किलोची होते आणि रेशो ७५. आधी आर१५ पंचवीस टक्के पुढे होती, आता फक्त तेरा टक्के.

मागे ६५ किलोचं माणूस घेऊन डबलसीट निघालात, तर आकडे ६५ आणि ६० होतात. आघाडी उरली आठ टक्के. दोन्ही गाड्यांवर ओझं सारखंच चढलं, पण हलक्या गाडीच्या मूळ वजनाच्या मानानं ते फार मोठं ठरलं. म्हणजे हलकी गाडी जितकी हलकी, तितकी ती माणसाच्या वजनाला जास्त भिते. एकट्यानं टेस्ट राइड घेऊन खूश झालेला माणूस पुढे रोज डबलसीट फिरतो आणि "गाडीचा पिकअप गेला" म्हणून गॅरेज गाठतो, त्यातल्या बऱ्याच तक्रारींचं मूळ इथे असतं. गाडी बिघडलेली नसते, भागाकारातला खालचा आकडा बदललेला असतो.

कारमध्ये हा फरक कमी जाणवतो, कारण हजार-बाराशे किलोंत ७५ किलो मिसळून जातात. तरीही तो नाहीसा होत नाही. स्वीडनच्या कोनिगसेगनं २०१४ मध्ये वन:वन नावाची कार आणली. नाव तसं का, तर पॉवर १३६० पीएस आणि वजन १३६० किलो, म्हणजे किलोला बरोबर एक पीएस. त्यात ७५ किलोचा चालक बसला की रेशो ०.९५ होतो. नाव मात्र तेच राहिलं, आणि ते ठीकच आहे.

याच चुकीचा एक लहान भाऊ आहे: ड्राय वेट. काही माहितीपत्रकांत पेट्रोल, ऑइल, कूलंट यांशिवायचं वजन छापलेलं असतं. एक लिटर पेट्रोल साधारण पाऊण किलोचं असतं, त्यामुळे ११ लिटरची भरलेली टाकी एकटीच आठ किलोंची भर घालते. एका गाडीचं ड्राय वेट आणि दुसरीचं पेट्रोल-ऑइलसह मोजलेलं कर्ब वेट घेऊन तुलना केली, तर निकाल आधीच एका बाजूला झुकतो. पॉवरच्या एककाचंही तसंच. किलोवॅटमधला आकडा १.३६ नं गुणला की पीएस मिळतात. बीएचपी आणि पीएस यांत दीड टक्क्याहून कमी फरक आहे, त्यावर वाद घालण्यात अर्थ नाही.

चूक दुसरी: कमाल पॉवर नेहमीच हाताशी आहे असं समजणं

ही खरी मोठी चूक, आणि "माझी गाडी ओढत नाही" या तक्रारीचं सगळ्यात नेहमीचं कारण.

१८.४ पीएस हा आकडा १०,००० आरपीएमचा आहे. रोजच्या चालवण्यात त्या टोकापर्यंत कोण जातं? आपण बहुतेक वेळ चार-पाच हजारांत असतो. तिथे किती पॉवर आहे, हे टॉर्कवरून, म्हणजे इंजिनच्या फिरवण्याच्या जोरावरून काढता येतं. टॉर्क न्यूटन-मीटरमध्ये घ्या, आरपीएमनं गुणा आणि ९५४९ नं भागा. उत्तर किलोवॅटमध्ये येतं.

क्लासिकचा कमाल टॉर्क २७ न्यूटन-मीटर आहे आणि तो नेमका ४,००० आरपीएमलाच मिळतो. हिशोब केला तर ११.३ किलोवॅट, म्हणजे १५.४ पीएस. आर१५ चा कमाल टॉर्क १४.२ न्यूटन-मीटर आहे, पण तो ७,५०० आरपीएमला. ४,००० ला तो याहून कमीच असणार. तरी तिला झुकतं माप देऊ आणि पूर्ण १४.२ धरू. येतात फक्त ८.१ पीएस.

आता चालकासह रेशो परत काढा, पण ४,००० आरपीएमचा. क्लासिक ५७, आर१५ फार तर ३७. चित्र उलटं झालं! कागदावर तेरा टक्के पुढे असलेली गाडी इथे पार मागे पडली. मोठ्या इंजिनचे चाहते ज्याला "खालचा दम" म्हणतात तो हाच, आणि त्यांचं म्हणणं चूक नाही. सीसीला इथे खरंच किंमत आहे, कारण मोठा सिलिंडर कमी फेऱ्यांतही भरपूर मिश्रण जाळतो. फक्त तो मुद्दा या जागेपुरता आहे.

चढावर हे जास्त लख्ख दिसतं. दहा टक्क्यांच्या चढावर, म्हणजे शंभर मीटर पुढे गेलं की दहा मीटर वर जाणाऱ्या रस्त्यावर, ताशी ५० किलोमीटरचा वेग टिकवायला नुसत्या गुरुत्वाकर्षणाविरुद्ध टनामागे सुमारे १८ पीएस खर्च होतात. गाडी कोणतीही असो, हा आकडा तोच. हवेचा आणि टायरचा विरोध वेगळा. डबलसीट आर१५ वरच्या गिअरमध्ये ४,००० आरपीएमला असेल, तर तिच्याकडे टनामागे जास्तीत जास्त २९ पीएस आहेत. अठरा चढात गेले, उरलेल्या अकरांतून हवा आणि टायर आपला वाटा घेतात. वेग वाढवायला हाती फारसं काही राहत नाही. मूठ पूर्ण पिळली तरी गाडी नुसती गुरगुरते. डबलसीट क्लासिककडे त्याच आरपीएमला ४६ आहेत, म्हणून ती गिअर न बदलता चढते.

उपाय गॅरेजमध्ये नाही, डाव्या पायात आहे. गिअर उतरवा आणि आरपीएम ७,५०० पर्यंत जाऊ द्या. तिथे आर१५ कडे १५.२ पीएस आहेत, म्हणजे डबलसीट असूनही टनामागे ५४. तीच गाडी, तोच चढ, आणि जवळजवळ दुप्पट जोर. आवाज वाढला म्हणून घाबरू नका. ते इंजिन त्या फेऱ्यांसाठीच बांधलेलं आहे. रेव्ह लिमिटच्या आत असलात की झालं. उलट कमी आरपीएमला मूठ पिळून त्याला रडवणंच त्याच्यासाठी वाईट.

चूक तिसरी: रेशोकडून टॉप स्पीड मागणं

वेग वाढवायला वजन आड येतं, कारण ते ढकलायचं असतं. पण सपाट रस्त्यावर टॉप स्पीडच्या जवळ गाडी वेग घेतच नसते, ती फक्त हवेशी झगडत असते. हवेविरुद्ध लागणारी पॉवर वेगाच्या घनानं वाढते: ताशी १०० वरून १२० वर जायला त्या कामासाठी ७३ टक्के जास्त पॉवर लागते. इथे वजनाचा प्रश्न जवळजवळ येत नाही. दहा किलो काढून टॉप स्पीड वाढेल अशी आशा धरणारे निराश होतात. टाकीवर छाती टेकवून वाकलात तर त्याहून जास्त फरक पडेल.

मग दहा किलो काढून काय मिळतं? आर१५ वर चालकासह २१७ किलोंचे २०७ झाले, तर रेशो ८५ वरून ८९ होतो. हेच पॉवर वाढवून मिळवायचं तर साधारण ०.९ पीएस वाढवावे लागतील. एवढ्या लहान इंजिनातून तेवढी भर नुसता सायलेन्सर बदलून मिळेलच असं नाही. माझं मत विचाराल तर आधी जड क्रॅश गार्ड, लोखंडी कॅरिअर आणि बॉक्समधलं विसरलेलं सामान काढा. ब्रेक लावताना आणि वळणावरही ते वजन अंगावर येत नाही, हा वरचा फायदा.

आकडा ठीक, गाडी तरी मंद

गिअर योग्य, आरपीएम योग्य, एकटेच बसलेले, तरीही गाडी पूर्वीसारखी पळत नाही, तर वजन तेच असून चाकापर्यंतची पॉवर घटली आहे. छापलेली पॉवर इंजिनच्या क्रँकवरची असते. क्लच, गिअर आणि चेन त्यातली काही खातातच, पण बिघाड असेल तर जास्त खातात.

वरच्या गिअरमध्ये जोरात मूठ पिळली आणि आरपीएम झटकन चढला पण वेग त्या मानानं वाढला नाही, तर क्लच घसरतोय. आधी क्लच केबलला थोडा ढील आहे का बघा, कारण जास्त ताणलेल्या केबलनंही हे होतं. आरपीएम आणि वेग बरोबरीनं वाढतात पण दोन्ही सुस्त असतील, तर एअर फिल्टर आणि स्पार्क प्लगपासून सुरुवात करा. आणि न्यूट्रलमध्ये सोडलेली गाडी सपाट रस्त्यावर पूर्वीपेक्षा लवकर थांबत असेल, तर इंजिनाला हात लावू नका. टायरची हवा तपासा, चेन जास्त ताणलेली नाही ना बघा, आणि गाडी स्टँडवर चढवून मागचं चाक हातानं फिरवा. ते एखाद-दुसऱ्या फेरीतच अडखळून थांबलं, तर ब्रेक चिकटत असू शकतो.