स्टॅम्प पेपर आणायला निघण्याआधी

दोघांनी मिळून ॲनिमेशनची शॉर्टफिल्म करायची ठरली, की शिवाजीनगर कोर्टाबाहेर जाऊन स्टॅम्प पेपर घेणं हे अगदी शेवटचं काम. त्याआधी बोलणी उरकलेली हवीत, आणि त्यातलं पहिलं म्हणजे निर्माता कोण. मी हे बोलणं टाळलं होतं. कथा-दिग्दर्शन माझं, चित्रं मित्राची. एका महोत्सवाचा फॉर्म रात्री अकराला भरताना ‘प्रोड्यूसर’च्या चौकटीत मी सवयीनं एकट्याचं नाव टाकलं. छापील पुस्तिकेत त्यानं ते वाचलं आणि तीन दिवस माझा फोन उचलला नाही.

त्याचं बरोबरच होतं. १९५७च्या कॉपीराइट कायद्यात फिल्मचा कर्ता दिग्दर्शकही नसतो आणि चित्रकारही नसतो. कर्ता असतो निर्माता, म्हणजे फिल्म करण्याचा पुढाकार आणि जबाबदारी घेणारा. वाद झाला असता तर तो फॉर्म आयता माझ्या बाजूचा पुरावा ठरला असता. म्हणून करारात साधं वाक्य हवं: दोघंही संयुक्त निर्माते, मालकी निम्मी-निम्मी, आणि एकमेकांच्या लेखी होकाराशिवाय कुणीही फिल्मचे हक्क तिसऱ्याला द्यायचे नाहीत. ‘लेखी’मध्ये ईमेल धरायचा का, तेही लिहा. नाहीतर सही घ्यायला दर वेळी कोथरूड ते हडपसर हेलपाटा.

श्रेयनामावलीचा मजकूर फिल्ममध्ये जसा दिसणार तसाच करारात उतरवून काढा. नावं एकाच पाटीवर की वेगळ्या, आधी कोण, स्पेलिंग काय. पोस्टरवर आणि फॉर्मवरही हाच मजकूर जाईल, असं खाली लिहून टाका.

आता पात्रं. आमच्या फिल्ममध्ये पीएमटीच्या बसमधला एक बोका कंडक्टर होता. फिल्मची मालकी निम्मी-निम्मी ठरली तरी बोक्याचं रेखाटन ही कायद्याच्या नजरेत स्वतंत्र कलाकृती असते आणि ती काढणाऱ्याची असते. उद्या बोका टी-शर्टवर गेला किंवा त्याची दुसरी फिल्म निघाली, तर परवानगी कुणाची? आम्ही ठरवलं की रेखाटन मित्राचंच राहील, या फिल्मसाठी आणि तिच्या प्रचारासाठी ते कायम वापरता येईल, आणि दुसरं काही करायचं तर दोघांचा होकार लागेल. पण हक्क एकमेकांच्या नावे करून द्यायचे असतील तर मुदत आणि प्रदेश लिहायला विसरू नका. मुदत लिहिली नाही तर कायदा पाच वर्षं धरतो, प्रदेश लिहिला नाही तर फक्त भारत. महोत्सव परदेशातला निघाला की हे आठवतं.

पैशाला सगळ्यात जास्त वेळ द्या. ‘फायदा निम्मा-निम्मा’ एवढंच लिहून भागत नाही, कारण फायदा मोजायचा कशातून हेच ठरलेलं नसतं. आमचा रोख खर्च झाला ६०,००० रुपये: माझे ४०,०००, त्याचे २०,०००. पहिलं बक्षीस आलं ३०,००० रुपयांचं. आधी खर्च भरून काढायचा, तोही ज्यानं जेवढे घातले त्या प्रमाणात, असं ठरलेलं असल्यानं २०,००० मला आणि १०,००० त्याला. पुढे फिल्म दाखवण्याच्या हक्कांचे ९०,००० आले. त्यातल्या ३०,०००मध्ये उरलेला खर्च तसाच फिटला आणि राहिलेले ६०,००० निम्मे-निम्मे झाले.

पण मेहनतीचं काय? सहा मिनिटांची फिल्म, सेकंदाला चोवीस फ्रेम, एक चित्र दोन फ्रेम धरलं तरी ४,३२० चित्रं होतात. माझी पटकथा अकरा पानांची. मित्राच्या मेहनतीची किंमत रुपयांत लावून ती खर्चात मिळवायची, की त्याचा वाटा साठ टक्के करायचा, की निम्म्यावरच राहायचं? यातलं काहीही चालेल, पण ते पहिलं चित्र काढायच्या आधी ठरवा. आम्ही निम्म्यावर राहिलो. माझ्या मते ते त्याच्यावर थोडं अन्यायाचंच झालं. बक्षीस व्यक्तीला मिळालं, म्हणजे ‘उत्कृष्ट ॲनिमेटर’ वगैरे, तर ते वाट्यात येतं की त्याचं एकट्याचं, हेही लिहा.

बाकीचं झटपट. संगीत आणि आवाज देणाऱ्यांकडून वेगळी लेखी परवानगी घ्या. एकानं मध्येच सोडलं तर झालेल्या कामाचं श्रेय आणि खर्च कसा धरायचा, ते लिहा. एकाचं काही बरंवाईट झालं तर वाटा घरच्यांकडे जाईल, हे ओशाळवाणं वाटलं तरी लिहा.

मग स्टॅम्प पेपर. ऑक्टोबर २०२४पासून साध्या कराराला शंभराचा चालत नाही, पाचशेचा लागतो, आणि तो दोघांपैकी एकाच्या नावावर घ्यायचा. रक्कम मोठी असेल तर मुद्रांक किती हे वकिलाला आधी विचारा, कारण कमी मुद्रांकाचा कागद दंड भरल्याशिवाय कोर्टात पुरावा म्हणून घेत नाहीत. प्रत्येक पानावर दोघांच्या सह्या, शेवटी दोन साक्षीदार. मूळ प्रत एकाकडे, स्कॅन दुसऱ्याकडे, आणि चित्रांच्या मूळ फाइल्सची हार्ड डिस्क मात्र दोघांकडे एकेक.