शोकसभेचं पत्रक अन् मोबाईलवरचा फोटो: या चुका टाळा

घरी दुःख झालं की पत्रकाचं काम एखाद्या पुतण्यावर येते. तो तालुक्याला डीटीपीवाल्याकडे जातो, ए-४ चं पत्रक बनवून घेतो अन् तीच फाईल जशीच्या तशी गावच्या ग्रुपवर टाकून देतो. गडबड इथंच होते.

ए-४ कागद २१० मिमी रुंद, मोबाईलची स्क्रीन जेमतेम ७०, म्हणजे सगळं एक तृतीयांश होते अन् कागदावरचं १५ पॉइंटचं अक्षर हातात ५ पॉइंटचं दिसते. म्हातारे मामाजी झूम करून करून थकतात अन् शेवटी फोनच लावतात, "कधी हाय रे बापू प्रार्थना?"

म्हणून मोबाईलसाठी वेगळा फोटो बनवा, १०८० बाय १३५० पिक्सेलचा. त्यात बारीकात बारीक अक्षर ५० पिक्सेलच्या खाली नको, वार-वेळ-ठिकाण ७० च्या आसपास अन् नाव १०० पर्यंत. एवढ्या जागेत सगळं मावत नाही, मग अक्षर लहान नका करू, मजकूर कापा. शोकाकुल परिवाराची वीस नावं कागदावर राहू द्या (तिथून एकही गाळलं तर भांडण ठरलेलं), फोटोत फक्त 'समस्त परिवार' पुरे. 'सामुदायिक प्रार्थना व श्रद्धांजली सभा, रविवार, सकाळी ११ वाजता' असं सरळ लिहा, तारीख टाका अन् ती कॅलेंडरच्या वारासोबत जुळवून पाहा.

ठिकाणात नुसतं 'राहते घरी' लिहिलं तर बाहेरगावचा माणूस कुठं जाईल? वडगाव, पिंपळगाव नावाची गावं जागोजागी आहेत, म्हणून तालुका, जिल्हा अन् 'हनुमान मंदिराजवळ' अशी खूण द्याच. फोटोतल्या नंबरवर बोट ठेवून फोन लागतच असं नाही, तो खाली मेसेजमध्ये पण टाईप करा.

दुसरा घोळ फॉन्टचा. मोबाईलवरचा मजकूर युनिकोड असते, दुकानात बरेचदा कृतिदेव नाहीतर श्रीलिपी, तिथं पेस्ट केला की अक्षरं भलतीच दिसतात. कन्व्हर्ट केल्यावर पण रफार अन् पहिली वेलांटी सरकू शकते, म्हणून 'सामुदायिक', 'कीर्तन' अन् आडनाव हे तीन शब्द आधी पाहा. शिवाय जुन्या लग्नपत्रिकेच्या फाईलीवरच काम झालं असेल तर खाली 'आहेर आणू नये' राहून गेलेलं सापडते, मोठी शोभा होते बापा.

छपाईच्या फोटोसाठी डीपी नका देऊ. ५ सेंटीमीटर रुंद छापायचा तर ३०० डीपीआयनं साधारण ६०० पिक्सेल लागतात, तेही नुसत्या चेहऱ्याच्या चौकटीत, सगळ्या ग्रुप फोटोत नाही. घरातला अल्बममधला फोटो उजेडात सपाट ठेवून काढा अन् दुकानदाराला व्हॉट्सॲपवर डॉक्युमेंट म्हणून पाठवा, साधा फोटो म्हणून पाठवला तर दाबून बारीक होते. छापायच्या आधी एक प्रिंट काळ्या-पांढऱ्यात काढून पाहा, करड्या पट्टीवरची पांढरी अक्षरं तिथंच गायब होतात.