‘बीपी लो झालंय’ म्हणून सोडून देऊ नका: सुरुवातीच्या गरोदरपणातली चक्कर आणि या चुका टाळा

पाळी चुकून दोन-तीन आठवडे झाले की अनेक जणींना उठताना डोळ्यांसमोर अंधारी येते, देवळातल्या रांगेत भोवळ येते, फोडणीच्या वासानं मळमळून घाम फुटतो. बहुतेक वेळा यात बाळाला किंवा आईला धोका नसतो. पण याच आठवड्यांत गर्भाशयाऐवजी गर्भनळीत गर्भ राहिला असेल तर ती नळी फुटून पोटात रक्तस्राव होऊ शकतो आणि त्याचंही पहिलं लक्षण चक्कर असू शकतं. घरात दोन्हींना एकच नाव मिळतं, ‘बीपी लो’. खरी गफलत तिथेच होते.

साध्या चकरेचं कारण असं. गर्भ राहिल्यावर प्रोजेस्टेरॉनसारख्या संप्रेरकांमुळे रक्तवाहिन्या सैलावतात. त्या भरून काढण्याइतकं जास्तीचं रक्त शरीर हळूहळू, पुढच्या काही महिन्यांत तयार करतं. म्हणजे नळ रुंद झाला, पाणी अजून जवळपास तेवढंच. त्यामुळे बीपी थोडं उतरतं, साधारण मध्यावर सगळ्यात कमी असतं आणि शेवटच्या तीन महिन्यांत पुन्हा वर येतं. उभं राहिल्यावर रक्त पायांत उतरतं, मेंदूकडे क्षणभर कमी जातं आणि अंधारी येते. त्यात पोट रिकामं असेल, उलट्या होत असतील किंवा स्वयंपाकघर तापलेलं असेल, तर ती हमखास येते.

चूक पहिली: आकडा बघून घाबरणं, किंवा आकडा बघून निश्चिंत होणं

समजा, एका बाईला सातवा आठवडा चालू आहे. शेवटच्या पाळीच्या पहिल्या दिवसापासून मोजायचं. ती सकाळी सहाला उठली, काही न खाता चाळीस मिनिटं ओट्यापाशी उभी राहून डबे करत होती. कानात शिट्टी वाजल्यासारखं झालं, घाम आला, नजर धूसर झाली. ती आडवी झाली आणि दोन मिनिटांत बरं वाटलं. आडवं असताना बीपी 104/66, नाडी 78. उभी राहिल्यावर एका मिनिटानं 88/58, नाडी 96. तीन मिनिटांनी 98/62 आणि गरगरणं गेलं. पाणी पिऊन, पोळी खाऊन तासाभरानं मोजलं तर फरक जवळपास नाहीसा. पोटात दुखत नाही, अंगावरून काही जात नाही. 88 हा आकडा दिसायला वाईट असला, तरी ही साधी चक्कर आहे.

आता तोच सातवा आठवडा, दुसरी बाई. आडवं असतानाच बीपी 102/64, म्हणजे पहिलीसारखंच. पण नाडी 114. काल रात्रीपासून उजव्या ओटीपोटात दुखतंय, चड्डीला तपकिरी डाग लागलाय, शौचाला लागल्यासारखं सारखं वाटतंय पण होत नाही. चक्कर आडवं पडूनही पूर्ण जात नाही. बीपी ‘बरं’ आहे म्हणून हिला घरी ठेवणं जिवावर बेतू शकतं. तरुण, निरोगी शरीर रक्त जात असतानाही वाहिन्या आवळून आणि नाडी वाढवून बीपी बराच वेळ धरून ठेवतं आणि मग एकदम सोडून देतं. आणि एक सांगायला हवं: पोटात रक्त साचत असताना काही जणींची नाडी वाढतच नाही. म्हणून पोटात दुखत असेल तर नाडी नॉर्मल आहे या गोष्टीचाही आधार घेऊ नका.

घरच्या मशीनवर मोजताना होणारी एक चूक इथेच सांगते. कुशीवर झोपून वरच्या हाताला पट्टा बांधला, तर तो हात हृदयाच्या वर राहतो आणि बीपी खोटं कमी दिसतं. मग ‘70 च आलं’ म्हणून घर हादरतं. पाच मिनिटं शांत पडा, पट्टा उघड्या दंडावर, हृदयाच्या पातळीत. मग उभं राहून एका आणि तीन मिनिटांनी मोजा. वरचा आकडा 20 नं किंवा खालचा 10 नं उतरला आणि तीन मिनिटांनंतरही तसाच राहिला, तर शरीरात पाणी कमी आहे का, रक्त कमी आहे का, हे डॉक्टरांकडून तपासून घ्यायला हवं. उभं राहताना जवळ कोणीतरी असू द्या, आणि चक्कर आली तर मोजणं सोडून आडव्या व्हा.

चूक दुसरी: पडलेल्या बाईला उचलून बसवणं

भोवळ येऊन पडणं हा एका अर्थी शरीराचा उपायच असतो, कारण आडवं झालं की रक्त आपोआप डोक्याकडे जातं. माणसं नेमकं उलट करतात: दोन्ही बगलांत हात घालून खुर्चीत बसवतात आणि तोंडात पाणी ओततात. बसवल्यानं बेशुद्धी लांबते आणि अर्धवट शुद्धीत पाणी श्वासनलिकेत जाऊ शकतं. तिला जमिनीवरच राहू द्या, पाय उशीवर किंवा पाटावर उंच करा, कपडे सैल करा, खिडकी उघडा. साध्या भोवळीत मिनिटभरात शुद्ध येते. श्वास चालू असून शुद्ध आली नाही तर कुशीवर वळवून 108 ला फोन करा. शुद्ध आल्यावरही दहा-पंधरा मिनिटं पडूनच राहायचं, मग आधी बसायचं, मग उभं राहायचं. लगेच उठलं की लगेच दुसऱ्यांदा पडतात.

अंधारी येतेय असं कळताच जागेवरच पायाला पायाची कात्री घालून मांड्या आणि नितंब घट्ट आवळले, मुठी दाबल्या, तर कधी कधी पडणं टळतं. तरीही कमी झालं नाही तर लाज न बाळगता खाली बसायचं, मग ते लोकल स्टेशन असो की लग्नाचा हॉल.

चूक तिसरी: लिंबूपाणी, ग्लुकोज, सलाईन, जे मिळेल ते

उलट्यांमुळे पाणी कमी झालं असेल तर ओआरएस उपयोगी पडतं, पण पुडीवर लिहिलेल्या मापानंच. एक लिटरची पुडी एका पेल्यात कालवली की ती इतकी खारट-गोड होते की उलटी वाढते आणि शरीरातलं पाणी उलट आतड्यात ओढलं जातं. पुडी नसेल तर एक लिटर उकळून गार केलेल्या पाण्यात सहा सपाट चमचे साखर आणि अर्धा सपाट चमचा मीठ, चहाच्या चमच्यानं. चोवीस तासांत संपवायचं. एकदम पेलाभर न पिता दर पाच मिनिटांनी दोन-तीन घोट. ग्लुकोज पावडर म्हणजे ओआरएस नव्हे, त्यात गरजेचं मीठ नसतं.

चोवीस तास पोटात पाणीही टिकत नाही, आठ तास लघवीच झाली नाही, किंवा लघवी गडद पिवळी झाली आहे, तर घरी प्रयोग थांबवून दवाखाना गाठा. अशा वेळी सलाईन लागू शकतं. पण ‘अशक्तपणा आहे, एक बाटली लावून घेऊ’ म्हणून लावलेलं सलाईन वेगळं. त्यानं दोन तास बरं वाटतं, आणि पोटात दुखत असेल तर तेच दोन तास वाया जातात.

हरतालिकेसारखा निर्जळी उपवास या काळात करू नये. संकष्टीला चंद्रोदयापर्यंत रिकाम्या पोटी राहणंही नको. उठल्या उठल्या अंथरुणातच दोन बिस्किटं किंवा मूठभर लाह्या खाऊन मग उठलं, की सकाळची चक्कर बऱ्याच अंशी कमी होते. उलटीसाठी डॉक्सिलामिनची गोळी चालू असेल तर तिनं गुंगी येते. ती घेऊन रात्री अंधारात झटकन उठू नका. आधीपासून बीपीची गोळी चालू असेल तर गर्भ राहिल्याचं डॉक्टरांना लगेच सांगा. गोळी बदलावी किंवा कमी करावी लागू शकते, पण मनानं बंद करू नका.

आणि चक्कर फक्त आंघोळीच्या वेळीच येत असेल, सोबत डोकं दुखत असेल आणि गॅस गिझर बाथरूमच्या आतच बसवलेला असेल, तर तो आजच बंद करा. बंद जागेत त्यातून कार्बन मोनॉक्साइड साचतो. त्याला वास नसतो आणि गर्भाला तो आईपेक्षा जास्त घातक असतो.

चूक चौथी: सोनोग्राफी होण्याआधीच ‘नेहमीचंच आहे’ असं ठरवणं

गर्भ पिशवीतच आहे हे सोनोग्राफीत दिसेपर्यंत चक्कर आणि पोटदुखी एकत्र आली, तर गर्भ नळीत आहे असंच धरून चालायचं. नळी ताणली जाऊन फुटते ती बहुधा सहाव्या ते आठव्या आठवड्याच्या आसपास, कधी त्याच्या पुढेमागे. बाहेर दिसणारं रक्त अगदी थोडं असतं, कधी नसतंच, कारण रक्त पोटात साचत असतं. ते गर्भाशयामागे साचलं की शौचाला लागल्यासारखं वाटतं, म्हणूनच अनेक जणी संडासातच भोवळ येऊन पडतात. ते वर छाती-पोटाच्या पडद्यापर्यंत पोचलं की खांद्याच्या टोकाला दुखतं, आडवं झाल्यावर जास्त. खांदा चोळून न जाणारं हे दुखणं गॅसेसचं समजून त्यावर ओवा देत बसू नका.

आधी नळीत गर्भ राहिला असेल, कॉपर-टी असताना दिवस गेले असतील, ओटीपोटाचा जंतुसंसर्ग किंवा गर्भनळ्यांचा टीबी झाला असेल, तर शक्यता वाढते. कुटुंबनियोजनाचं ऑपरेशन झालेल्या बाईलाही क्वचित दिवस जातात, आणि गेले तर ते नळीत असण्याची शक्यता बरीच असते. ‘ऑपरेशन झालंय’ म्हणून लघवीची टेस्टच केली जात नाही. पाळी पुढे गेलेली आणि चक्कर येऊन पडलेली कोणतीही बाई असो, आधी टेस्ट करा.

याच कारणानं सोनोग्राफी न करता दुकानातून गर्भपाताच्या गोळ्या घेणं धोक्याचं आहे. त्या गोळ्यांनी नळीतला गर्भ पडत नाही. पोटात दुखतं, थोडं अंगावरून जातं, घरचे म्हणतात गोळी लागू पडली, आणि आत नळी फुटलेली असते.

पोटदुखी नसतानाही काही भोवळी साध्या धरायच्या नाहीत. काहीच पूर्वसूचना न देता धाडकन आलेली, आडवं असताना किंवा जिना चढताना आलेली, किंवा छातीत धडधड, दुखणं, दम यांसह आलेली भोवळ हृदयाची असू शकते. तिथे त्याच दिवशी ईसीजी हवा.

चक्कर आणि पोटदुखी असलेल्या बाईला दवाखान्यात नेताना दुचाकीवर मधे बसवून नेऊ नका. वाटेत पुन्हा भोवळ येते. 108 ची गाडी बोलवा किंवा आडवं झोपता येईल असं वाहन घ्या. खायला-प्यायला काही देऊ नका, ऑपरेशन लागू शकतं. सोबत शेवटच्या पाळीची तारीख, टेस्टची पट्टी, रक्तगट आणि चालू गोळ्यांची पाकिटं घ्या. पोचल्यावर ‘अशक्तपणा आहे’ असं सांगू नका. ‘पाळी चुकलीय, टेस्ट पॉझिटिव्ह आहे, पोटात दुखतंय, चक्कर येऊन पडली, सोनोग्राफी अजून झालेली नाही’ एवढं पहिल्याच वाक्यात सांगा. तिथे हिमोग्लोबिन 11 आलं तरी लगेच घरी निघू नका. ताज्या रक्तस्रावात ते उतरायला काही तास लागतात, आत काय चाललंय ते सोनोग्राफीतच कळतं.