डोळे कपाळात चढवू नका: चेहऱ्याच्या स्केचमधल्या चुका

नवशिक्यांची पेन्सिल-स्केचेस फोटोवरून तपासताना एकच चूक पुन्हा पुन्हा दिसते. डोळे फार वर असतात.

म्हापशातल्या एका मुलीनं ए-फोर कागदावर आजीचा चेहरा समोरून काढला होता. हनुवटीपासून केसांच्या माथ्यापर्यंत १८ सेंटिमीटर. त्यात केसांचा फुगवटा १, म्हणजे कवटी १७. मोठ्या माणसाचे डोळे कवटीच्या साधारण मध्यावर येतात, म्हणून ते हनुवटीपासून साडेआठवर हवे होते. तिनं ते ११ वर काढले. आजीच्या सुरकुत्या, नथ, कुंकू सगळं सुरेख, पण डोकं वरून कापल्यासारखं. डोळे हौसेनं आधी काढले आणि कपाळाला उरली तेवढी जागा दिली, की हेच होतं.

आता ती डोळे खोडून खाली आणायला निघाली. तसं केलं तर नाक-तोंडही हलवावं लागतं. चेहरा तसाच ठेवून डोकं वाढवता येतं का, ते आधी मोजावं. डोळ्यांखाली ११, तर वरही ११, शिवाय केसांचा १. वर १२ हवेत, आहेत ७. वाढवायचे ५, आणि माथ्यावर कोरा कागद ३ सेंटिमीटरच. म्हणजे नवा कागद घ्यायचा, दुसरा इलाज नाही. छायाकाम गडद करून प्रमाण सुधारत नाही, हे उतावळ्यांना पटतच नाही.

माझी पद्धत अशी: हनुवटी आणि माथा यांच्या खुणा आधी करायच्या, तेवढी कागदाची पट्टी कापून दुमडायची आणि घडीवर डोळ्यांची रेघ मारायची. केस त्यानंतर, माथ्याच्या बाहेर. लहान मुलांचे डोळे मात्र मध्याच्या खाली असतात, आणि मान खाली घातलेल्या माणसाचेही खाली दिसतात.

नाकाचं टोक भुवई आणि हनुवटीच्या मधोमध. दोन डोळ्यांत एका डोळ्याएवढं अंतर. कान भुवईपासून नाकाच्या बुडापर्यंत.

दुसरी मोठी चूक कागद टेबलावर सपाट ठेवून काढण्याची. कागदाचा वरचा भाग डोळ्यांपासून लांब, म्हणून तो आखूड भासतो आणि हात त्याची भरपाई करत डोकं लांब ताणतो. त्याच खुर्चीवरून फोटो काढला, तर तो ताण पुन्हा आखडतो आणि चूक लपते. म्हणून फोटोत आधी कागद मोजा: ए-फोरची उंची रुंदीच्या १.४१ पट हवी आणि वरची कड खालच्या कडेएवढी. वरची कड आखूड असेल, तर त्या फोटोवरून प्रमाणाबद्दल काही बोलू नये.

कागद भिंतीला चिकटवा, मोबाइल कागदाच्या मध्यासमोर धरा, मीटरभर मागे या आणि झूम करा. अगदी जवळून काढलात, तर जरा वाकडा धरलेला मोबाइलही कडा तिरप्या करतो. आणि पुढचं चित्र कलत्या बोर्डावर काढा.