ऑप्शनचा भाव १२०, मग खात्यातून ७,८०० का गेले? लॉटच्या हिशेबातल्या या चुका टाळा

स्क्रीनवर दिसणारा ऑप्शनचा भाव एका युनिटचा असतो. व्यवहार मात्र पूर्ण लॉटचाच होतो. बहुतेक गोंधळ इथून सुरू होतो, म्हणून आधी एक उदाहरण नीट सोडवू.

समजा निफ्टी २५,००० वर आहे आणि २५,१०० चा कॉल, म्हणजे त्या भावाने घेण्याचा हक्क, १२० रुपयांना मिळतो आहे. जानेवारी २०२६ च्या मालिकेपासून निफ्टीचा लॉट ६५ चा आहे. म्हणजे एका लॉटचा प्रीमियम १२० × ६५ = ७,८०० रुपये. घेणाऱ्याचं जास्तीत जास्त नुकसान एवढंच, वर ब्रोकरेज आणि कर. पण ज्या मालावर हा सौदा उभा आहे त्याची किंमत २५,००० × ६५ = १६,२५,००० रुपये आहे. सेबीने ऑक्टोबर २०२४ मध्ये इंडेक्सच्या काँट्रॅक्टची किमान किंमत ५ लाखांवरून १५ लाखांवर नेली, त्यामुळे हा आकडा एवढा मोठा दिसतो.

पहिली चूक : हाच हिशेब विकणाऱ्यालाही लावणे. तोच कॉल विकला तर हातात ७,८०० येतात. एक्स्पायरीला निफ्टी २५,६०० वर बंद झाला, तर कॉलची किंमत ५०० रुपये होते. नुकसान (५०० − १२०) × ६५ = २४,७०० रुपये, म्हणजे मिळालेल्या प्रीमियमच्या तिपटीहून जास्त. निफ्टी आणखी वर गेला तर दर शंभर पॉइंटला ६,५०० ची भर पडते. ब्रोकर अडकवून ठेवतो ते मार्जिन म्हणजे नुकसानाची मर्यादा नव्हे, हे विकणाऱ्याने कधीच विसरू नये.

दुसरी चूक : जुन्या लॉटवर स्टॉपलॉस मोजणे. एप्रिल २०२४ मध्ये निफ्टीचा लॉट ५० वरून २५ झाला. २० नोव्हेंबर २०२४ पासून नव्याने आलेल्या काँट्रॅक्टना तो ७५ झाला, आणि आता ६५ आहे. ज्याने २५ च्या लॉटवर ‘प्रीमियममध्ये ४० रुपयांचा स्टॉपलॉस’ अशी सवय लावून घेतली होती, त्याचं एका सौद्यातलं नुकसान १,००० रुपये होतं. त्याच ४० रुपयांना ७५ च्या लॉटवर ३,००० लागले. बदलाच्या काळात आधीच चालू असलेले काँट्रॅक्ट जुन्या लॉटचे आणि नवे नव्या लॉटचे, असे दोन्ही बाजारात एकाच वेळी होते, म्हणून नुसती तारीख पाहून लॉट धरणंही चुकतं.

उलट दिशेने मोजा. एका सौद्यात किती रुपये गेले तर चालतील ते आधी ठरवा आणि त्याला लॉटने भागा. २,६०० ठरवले तर २,६०० ÷ ६५ = ४०, म्हणजे स्टॉपलॉस भावाच्या ४० रुपये खाली. ऑर्डरच्या चौकटीत संख्या लॉटमध्ये मागितली आहे की युनिटमध्ये, हेही बघा. लागणारी रक्कम अपेक्षेच्या ६५ पट दिसली, तर लॉटच्या जागी ६५ टाकलं गेलंय.

तिसरी चूक : लॉट आणि गुणक, म्हणजे भावाला ज्या आकड्याने गुणायचं तो, एकच समजणे. निफ्टीत ते एकच आहेत, एमसीएक्सच्या सोन्यात नाहीत. तिथे लॉट १ किलोचा, पण भाव १० ग्रॅमचा. १,००० ग्रॅम ÷ १० ग्रॅम, म्हणजे गुणक १००. गोल्ड मिनीचा लॉट १०० ग्रॅम, म्हणून गुणक १०. प्रीमियम ९०० रुपये दिसत असेल तर मिनीला ९,००० आणि मोठ्या काँट्रॅक्टला ९०,००० लागतील. ‘एक किलो म्हणजे एक लॉट, म्हणून ९००’ किंवा ‘शंभर ग्रॅम म्हणून ९०० × १००’, हे दोन्ही हिशेब चुकतात. चांदीत भाव किलोचा आणि लॉट ३० किलोचा, म्हणून गुणक ३०. लॉटला भावाच्या एककाने भागा, म्हणजे चुकणार नाही.

चौथी आणि सर्वांत महाग चूक : शेअरचा ऑप्शन एक्स्पायरीपर्यंत तसाच ठेवणे. इंडेक्सच्या ऑप्शनमध्ये शेवटी फक्त फरकाची रक्कम मिळते. शेअरच्या ऑप्शनमध्ये ऑक्टोबर २०१९ पासून प्रत्यक्ष शेअरची देवाणघेवाण होते. समजा एका शेअरचा लॉट ५०० आहे आणि तुम्ही १,४०० चा कॉल २० रुपयांना घेतला. गेले १०,०००. एक्स्पायरीला शेअर १,४०५ वर बंद झाला, तर कॉल ‘इन द मनी’ आहे, म्हणजे शेअर ठरलेल्या १,४०० च्या वर आहे. तुम्हाला ५०० शेअर १,४०० ने घ्यावे लागतात, म्हणजे ७,००,००० रुपये भरावे लागतात. फायदा फक्त ५ × ५०० = २,५०० चा, म्हणजे प्रीमियम धरून सौदा ७,५०० तोट्यातच.

ही वेळ जवळ आल्याचं मार्जिनवरून कळतं. अशा ऑप्शनवर एक्स्पायरीच्या आधीच्या शेवटच्या चार दिवसांत डिलिव्हरीसाठीचं मार्जिन टप्प्याटप्प्याने वाढत जातं. शेअर खरंच घ्यायचे नसतील, तर ते सुरू होण्याआधीच ऑप्शन विकून मोकळे व्हा. शेवटच्या दिवसावर टाकलं, तर त्या स्ट्राइकला घेणारे कमी असतात आणि भाव पाडून मागतात.