कॉन्ट्रॅक्टवरच्या माणसाचा अप्रेझल फॉर्म भरताना

चाकणच्या एका कारखान्यात मी क्वालिटी विभागात इन-चार्ज आहे. ॲल्युमिनियमच्या हाउसिंग बनवतो आम्ही, गाड्यांना लागणाऱ्या. माझ्या हाताखाली फायनल इन्स्पेक्शनला अकरा जण आहेत. त्यांतले चार परमनंट, सात कॉन्ट्रॅक्टरकडचे. नवीन टीम लीडर झालेल्यांना मार्चमध्ये सगळ्यांचे फॉर्म एकदम हातात मिळतात आणि एकाच सपाट्यात ते भरून टाकायचा मोह होतो. मीही पहिल्या वर्षी तेच केलं होतं. एका फॉर्ममुळे मी थांबले, त्याचीच ही हकिगत.

तो इन्स्पेक्टर तीन वर्षं आमच्याकडे होता. वय पस्तिशीच्या आसपास, आयटीआय झालेला, रोज राजगुरुनगरहून येणारा. त्याला सगळे दादा म्हणायचे, मीही. फॉर्ममध्ये वीस-वीस गुणांचे पाच रकाने होते: कामाचा उरक, गुणवत्ता, हजेरी, पुढाकार, प्रशिक्षण. दादांना मी अनुक्रमे १७, ९, ११, ६ आणि ५ दिले. एकूण ४८. त्याच टेबलावर बसणाऱ्या परमनंट इन्स्पेक्टरला ८१. सही करायला पेन उघडलं आणि एक प्रश्न डोक्यात आला: लाइन अडली की मी हाक कुणाला मारते? दादांनाच मारते. मग हा आकडा कुठून आला, ते शोधायला एकेक रकाना उलगडत बसले.

हजेरीपासून सुरुवात केली, कारण ती सगळ्यात निर्विवाद वाटते. दादा वर्षभरात नऊ दिवस आले नव्हते. परमनंट माणूस बावीस दिवस आला नव्हता. पण त्याचे बावीसही दिवस मंजूर रजेचे, म्हणून सिस्टिममध्ये त्याची हजेरी पूर्ण. दादांच्या रजेचा हिशोब कॉन्ट्रॅक्टरकडे. आमच्या मशीनला ते फक्त पंच न झालेले दिवस दिसतात, म्हणून नऊही दिवस ‘गैरहजर’. त्या दिवसांचा पगार कापला गेला होता, आता मी गुणही कापत होते. मी लाइनचं रजिस्टर काढून पाहिलं. सात दिवस त्यांनी आदल्या दिवशीच सांगितलं होतं, दोन दिवस न सांगता आले नव्हते. लाइनला त्रास होतो तो न सांगता न येण्याचा. म्हणून तेच दोन दिवस धरले आणि गुण १७ केले.

मग प्रशिक्षण. परमनंट लोकांना वर्षात सोळा तासांचं प्रशिक्षण द्यायचं असं आमचं ठरलेलं आहे. दादांचं नाव यादीत कधी घातलंच गेलं नाही, कारण यादी एम्प्लॉयी नंबरवरून निघते आणि त्यांचा नंबर कॉन्ट्रॅक्टरचा. जे दिलंच नाही, त्यात त्यांना नापास करायचं? पुष्कळ जण अशा वेळी सरासरी गुण टाकून मोकळे होतात. ते करू नका. सरासरी टाकली की आपण काही दिलं नाही ही गोष्टच कागदावरून पुसली जाते. रकान्यावर रेघ मारा, ‘संधी दिली नाही’ असं लिहा आणि ते गुण एकूणातून वजा करा. ८० पैकी धरा.

पुढाकाराचे सहा गुण मी कायझेनच्या संख्येवरून दिले होते. दादांच्या नावावर शून्य कायझेन. पण कायझेन भरायला लॉगिन लागतं आणि कॉन्ट्रॅक्टवरच्यांना लॉगिन नसतं. लाइनवर चौकशी केली तेव्हा कळलं की तपासलेल्या आणि न तपासलेल्या ट्रेवर वेगवेगळ्या रंगाचे ठिपके लावायची कल्पना दादांची होती. ती शिफ्ट इन-चार्जच्या नावावर नोंदली गेली होती. त्याने मुद्दाम चोरली असं नाही, नोंदायला दुसरी वाटच नव्हती. इथे मी १४ गुण दिले आणि त्या नोंदीत मूळ कल्पना कुणाची हेही लिहून घेतलं.

सगळ्यात जास्त वेळ गेला तो गुणवत्तेवर, आणि जायलाच हवा. दादांच्या शिक्क्याचे तीन पीस वर्षभरात ग्राहकाकडून परत आले होते. परमनंट माणसाचा एकच. वरवर पाहता तिप्पट चुका. पण दादा वर्षभर फायनलच्याच टेबलावर होते. रोजच्या शीटवरून त्यांनी अंदाजे २ लाख ४० हजार पीस तपासले होते. दुसरा माणूस अर्धा वेळ लेआउटला, रजा वेगळ्या. त्याचे फायनलचे पीस ६० हजार. म्हणजे दादांची ८० हजारांत एक चूक, त्याची ६० हजारांत एक. यावरून दादा सरस ठरतात असं मात्र मी म्हणणार नाही. एक आणि तीन इतक्या लहान आकड्यांवरून दोन माणसांची तुलना होतच नाही. अशा वेळी प्रत्येक तक्रारीची फाइल काढून वाचावी लागते.

पहिल्या तक्रारीत भोक लहान निघालं होतं. वापरलेल्या प्लग गेजची कॅलिब्रेशनची तारीख उलटून गेली होती आणि गो बाजू झिजली होती. झिजलेली गो बाजू लहान भोकातही शिरते, त्यामुळे खराब पीस चांगला दिसतो. गेज वेळेवर लॅबला पाठवणं आमचं काम. ही तक्रार दादांच्या नावावरून काढली.

दुसरीत चार भोकांपैकी एकात आटेच पडलेले नव्हते. शीट पाहिली तर वेळ पहाटेची, दादांच्या ड्यूटीचा बारावा तास. जादा चार तास थांबायच्या स्लिपवर सही माझी होती. पीस सुटला तो त्यांच्याच हातून, ते मी नाकारत नाही. पण कुणाला बारा तास थांबवायचं ते मी ठरवलं होतं, आणि मी परमनंटवाल्यांना कधी थांबवलं नव्हतं, कारण ते नाही म्हणू शकतात. हे दोन्ही मी फॉर्ममध्ये लिहिलं.

तिसरी मात्र निखळ त्यांची चूक. दिवसाची शिफ्ट, काम हलकं, गेज ठीक. त्यांनी आधी ओकेचा मार्क मारून ट्रे भरला होता आणि मग गेज फिरवायला घेतला होता. मधे चहा आला, परत बसल्यावर ट्रे झालेला वाटला. मार्क आधी मारायची त्यांची सवय दोघांनी मला सांगितली. ही सवय गंभीर आहे आणि तेवढ्यासाठी मी गुणवत्तेचे गुण ९ वरून १३ पर्यंतच वाढवले. बिचारा कॉन्ट्रॅक्टवर आहे म्हणून ती झाकली असती तर पुढच्या नोकरीतही त्यांना ती नडली असती.

उरकाचे १७ तसेच ठेवले. एकूण ८० पैकी ६१, म्हणजे शंभरात ७६. आधीचे ४८ आणि आताचे ७६, माणूस तोच, वर्ष तेच.

गुण दुरुस्त करून काम संपत नाही. परमनंट माणसाला ७६ गुणांचं काय मिळणार ते ठरलेलं असतं: इन्क्रिमेंट, ग्रेड. दादांना माझ्या फॉर्मवरून आपोआप काहीच मिळणार नव्हतं. म्हणून बोलायला बसण्याआधी मी एचआरला आणि कॉन्ट्रॅक्टरच्या सुपरवायझरला भेटले. एचआरने एक गोष्ट बजावली, ती नव्यांनी लक्षात ठेवावी. कंपनीच्या लेटरहेडवर कॉन्ट्रॅक्ट कामगाराला अप्रेझलचं पत्र द्यायचं नाही. काम कोण देतं, शिस्त कोण लावतं, पगार कोण ठरवतं यावरून हा कामगार खरा कुणाचा असा वाद कोर्टात उभा राहतो. आपण आपला अभिप्राय कॉन्ट्रॅक्टरला लेखी द्यायचा, पत्र त्याने द्यायचं. मला तेव्हा राग आला होता. पण ही अडचण खरी आहे आणि तिच्यातूनही वाट निघते.

वाट अशी निघाली. वर्क ऑर्डरमध्ये दादांचा रेट अर्धकुशलचा होता. काम ते गेज वापरून, ड्रॉइंग वाचून करत होते, म्हणजे कुशलचं. वरच्या श्रेणीची मागणी मी अभिप्रायात केली, सोबत त्यांच्या आयटीआयच्या प्रमाणपत्राची प्रत आणि ते करत असलेल्या तपासण्यांची यादी जोडली. इथे एक फसगत नेहमी होते. किमान वेतनातला विशेष भत्ता सरकार सहा महिन्यांनी बदलतं, त्यामुळे पगार थोडा वाढलेला दिसतो आणि कॉन्ट्रॅक्टर म्हणतो, ‘वाढवलाय की यंदा.’ ती महागाईची भरपाई असते, माणूस कामावर आला नसता तरी तो दर बदललाच असता. श्रेणी बदलली का, तेवढंच विचारा. दुसरं, पुढच्या प्रशिक्षणाच्या यादीत त्यांचं नाव हाताने घालून घेतलं. तिसरं, कॉन्ट्रॅक्टरच्या अनुभवपत्रात ‘हेल्पर’ न लिहिता कोणते गेज, कोणते पार्ट, किती वर्षं हे लिहायला लावलं. तो मजकूर मीच लिहून दिला.

मग आम्ही तिघं कॅन्टीनशेजारच्या खोलीत बसलो. मी आधी चूक सांगितली.

“दादा, मार्क आधी मारायची सवय सोडावी लागेल. एक पीस त्यामुळे गेलाय.”

ते म्हणाले, “हो मॅडम, हात तसाच बसलाय.” आणि थोडं थांबून, “मॅडम, परमनंटचं काही होईल का?”

या प्रश्नाला मी पूर्वी एकदा चुकीचं उत्तर दिलं आहे. एका मुलाला म्हणाले होते, “नाव पुढे पाठवलंय, बघू.” मनात चांगलंच होतं. त्याने त्या ‘बघू’वर तळेगावची चालून आलेली नोकरी सोडली. आमच्याकडे त्या वर्षी एकही जागा निघाली नाही. तो आजही समोर आला तर मला त्याच्या डोळ्याला डोळा देता येत नाही.

म्हणून दादांना म्हणाले, “यंदा एकही जागा नाही. पुढच्या वर्षीचं मला माहीत नाही, आणि ते माझ्या हातात नाही. बाहेर चांगलं मिळालं तर घ्या, मी फोनवर तुमच्याबद्दल सांगेन. माझ्या हातात आहे ते हे तीन,” आणि श्रेणी, ट्रेनिंग, पत्र असं कागदावर लिहून दिलं. त्यांनी कागद घडी करून खिशात ठेवला.

मे महिन्याच्या सात तारखेला मी त्यांना एप्रिलची पगाराची पावती दाखवायला सांगितलं. श्रेणीपुढे अजूनही ‘अर्धकुशल’ छापलेलं होतं. आम्हाला मात्र कॉन्ट्रॅक्टरने नव्या रेटचं बिल लावलेलं. फरक मधेच राहिला होता. मी त्या बिलावर सही न करता पावतीची झेरॉक्स जोडून ते परत पाठवलं. पुढच्या पावतीवर ‘कुशल’ आलं, एप्रिलच्या फरकासकट.